मदत हवी आहे: आजीच्या वाढदिवसाची पोस्ट लिहायचीय, पण प्रोफाइल पब्लिक आहे

आबोली_फोंडा
नमस्कार मंडळी. माझी आजी (आईची आई) २०१९ ला गेली, पुढच्या बुधवारी तिचा वाढदिवस आणि मला फेसबुकवर तिच्यासाठी काहीतरी लिहायचंय. प्रॉब्लेम असा की मी गाण्याचे क्लास घेते आणि माझं प्रोफाइल त्यासाठीच पब्लिक ठेवलंय, मुलांचे पालक, जिथे कार्यक्रम करते ती माणसं, सगळी तिथेच. मनातलं सगळं लिहिलं तर फार घरगुती होतं आणि आवरून लिहिलं तर कुणाच्याही आजीला चालेल असं होतं. आत्तापर्यंत लिहिलेलं हे:

"हॅपी बर्थडे आजी! तू प्रेमळ, मायाळू, कष्टाळू होतीस. तुझी आठवण येत नाही असा एक दिवस जात नाही. तू जिथे असशील तिथे सुखी राहा. मिस यू."

खाली तिचं पूर्ण नाव, १९३८ सालासकट जन्मतारीख आणि मामाला टॅग करायचा विचार आहे. आजी दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात फुलांच्या फाती विकायला बसायची, ते लिहायचं खूप मनात आहे, पण आई म्हणते बाजारात बसायची हे सगळ्या जगाला कशाला. काय करू?

काजूबी
फोटो हार घातलेला टाक, समोर समई, ब्लॅक अँड व्हाइट. तसा फोटो बघितला की माणूस थांबतोच. आणि लांब लिहू नको, कोण वाचत नाही हल्ली.

पणजीवाला
आमच्या बाबांच्या वर्षश्राद्धाला आम्ही पेपरात दिलं होतं, दोन कॉलम, फोटोसकट. तिथे मजकूर आधी दाखवून घ्या, आमच्याकडे गावाचं नाव चुकीचं छापलं आणि मग दुसऱ्या दिवशी परत द्यावं लागलं. खाली "शोकाकुल परिवार" आणि सगळ्या भावंडांची नावं वयाप्रमाणे, नाहीतर कोणीतरी रुसतंच. तुमच्याकडे नावं किती आहेत त्यावर साइज ठरेल.

आबोली_फोंडा
पणजीवाला, पेपरात नाही हो, फेसबुकवर, आणि पुण्यतिथी नाही, वाढदिवस आहे.

जुनी_पाटी
मी बरीच वर्षं लोकांना असे मजकूर लिहून देतो, पत्रिका, मानपत्रं, श्रद्धांजल्या, हल्ली पोस्टसुद्धा. सविस्तर लिहितो.

पहिली ओळ आधी बघ. फीडमध्ये सुरुवातीच्या दोनतीन ओळीच दिसतात, पुढचं सी मोअरच्या आत. तुझी पहिली ओळ आहे "हॅपी बर्थडे आजी". पालक घाईत वाचणार आणि खाली लिहिणार "आजींना उदंड आयुष्य लाभो", आणि तू ते वाचत बसणार. काजूबी म्हणतात तसा हारवाला फोटो लावलास तर उलटं होईल, लोकांना वाटेल आजच गेली, "भावपूर्ण श्रद्धांजली"ची रांग लागेल आणि आईला फोन सुरू होतील. फोटो बघून माणूस थांबतो हे त्यांचं खरंय, पण तो आजीचा जिवंतपणीचा, काहीतरी करतानाचा असू दे. म्हणून ती २०१९ ला गेली आणि आज तिचा वाढदिवस, ह्या दोन्ही गोष्टी पहिल्याच वाक्यात याव्यात, एकीवाचून दुसरी नको.

आता नाव. ती आईची आई, म्हणजे तिचं आडनाव हेच तुझ्या आईचं माहेरचं आडनाव. बँका ओळख पटवायला अजूनही आईचं माहेरचं आडनाव विचारतात, तुलाही विचारलं असेल. ते पब्लिक पोस्टमध्ये लिहून ठेवू नये. आणि मामाला टॅग केलंस की त्याच्या नावासोबत तेच आडनाव परत आलं, तेव्हा टॅगही नको. आजी किंवा नुसतं पहिलं नाव पुरे. तारीख तर पोस्टच्या दिवसावरून कळतेच, सालाने वाचणाऱ्याला काही मिळत नाही.

बाकी प्रेमळ, मायाळू, कष्टाळू हे तिन्ही शब्द काढ. ती फाती कशी विकायची ते मला सांग. कशी मोजायची, कशी बांधून द्यायची?

आबोली_फोंडा
माहेरच्या आडनावाचं लक्षातच आलं नसतं, थँक्यू.
आजी हाताने मोजायची, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि कापताना नेहमी चार बोटं जास्त सोडायची, "घे गो, चार बोटां चड" असं म्हणत. आबोलीला वास नाही ना, म्हणून अधूनमधून मरव्याचं पान गुंफायची. केळीच्या सोपाचा धागा भिजवून मांडीवर घ्यायची, तिचं लुगडं तेवढ्या जागी कायम ओलं असायचं. आम्ही पोरं शेजारी बसून उरलेली फुलं वेगळी करायचो.

जुनी_पाटी
बघ, पोस्ट इथेच झाली. तुझेच शब्द जरा लावून देतो:

"माझी आजी २०१९ ला गेली, आज तिचा वाढदिवस. ती आबोलीच्या फाती करायची. आबोलीला वास नसतो म्हणून मध्ये मरव्याचं पान गुंफायची, आणि फाती हातभर मागितली तरी चार बोटं जास्त कापून 'घे गो, चार बोटां चड' म्हणायची. शेजारी बसून उरलेली फुलं वेगळी करायचं काम आमच्याकडे असायचं. आज आबोली घेतली की मी अजून मरवा शोधते."

शेवटचं वाक्य मी अंदाजाने घातलंय, खरं नसेल तर काढ, खोटं एक वाक्यसुद्धा घरच्यांना लगेच कळतं. कोंकणी ओळ तशीच ठेव, तिची मराठी करू नको. बाजार आणि म्हापसा मी मुद्दाम घेतलेला नाही. ती आजी तुझी, पण आई तर तुझ्या आईची होती, म्हणून त्या शब्दाचा निर्णय तिचा.

काजूबी
पण बाजार काढला तर फाती कुणाला कापून द्यायची ते कळत नाही. आणि लाज कसली त्यात, उलट अभिमानाने लिहावं. माझं म्हणणं आईला न विचारता टाक, नंतर लाइक बघून खूश होईल.

जुनी_पाटी
अभिमानाचं पटतं, न विचारता टाकणं नाही. पब्लिक पोस्ट नंतर फ्रेंड्सवर आणता येते, मजकूरही बदलता येतो, पण तोवर स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर फिरलेला असतो आणि एडिट हिस्टरीत जुना मजकूर दिसतो. आधी आईला हा मजकूर मोठ्याने वाचून दाखव. नुसतं "बाजाराचं लिहू का" विचारलंस तर ती नाहीच म्हणेल, कारण तिच्या डोळ्यासमोर लोक काय म्हणतील तेच येणार.

पणजीवाला
आता समजलं. मरव्याचं वाचून आमच्या मावशीची आठवण आली, तीसुद्धा तसंच करायची. कमेंट बंद ठेवता येतात का, आमच्या घरी कोणतरी जमिनीचा विषय काढतोच.

आबोली_फोंडा
पूर्ण बंद बघितलं नाही पण कमेंट कोण करू शकतो ते निवडता येतं, मी फ्रेंड्स ठेवलंय, म्हणजे पालक वाचतील, पण लिस्टमध्ये नसलेले लिहिणार नाहीत.
काल रात्री आईला वाचून दाखवलं. मरव्याचं वाक्य खरंच आहे, मी शोधतेच, तिनेच आठवण करून दिली, म्हणून ठेवलं. बाजारावर ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली आजी चार बोटं नाही, पाच सोडायची आणि बाबा त्यावरून तिला रागवायचे. आता चार ठेवू की पाच, मला तर चारच ऐकल्याचं आठवतं. बाजाराचं रविवारी मामा येईल तेव्हा दोघांना एकत्र विचारते.