मदत हवी आहे: वेबहुकच्या जोडीला पोलिंग ठेवताना किती मागे जाऊन वाचावे?

नमस्कार. नवीन कमेंट किंवा मेसेज आला की पुढचे काम आपोआप सुरू व्हावे, यासाठी आम्ही वेबहुक वापरतो. मात्र आमचा सर्व्हर बंद असताना आलेल्या सूचना, पाठवणाऱ्या सेवेचे पुनर्प्रयत्न संपले की, कायमच्या हरवतात. म्हणून दर १५ मिनिटांनी एपीआयला विचारणारे पोलिंगही ठेवले आहे.

अडचण पोलिंगमध्येच आहे. शेवटची कमेंट १०:००:०५ ची मिळाली म्हणून पुढच्या वेळी त्यानंतरच्याच मागितल्या, तर १०:००:०३ ची वेळ असलेली, पण यादीत उशिरा दिसू लागलेली कमेंट कधीच हाती येत नाही, आणि लॉगमध्ये त्रुटीही दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी शेवटच्या मिळालेल्या कमेंटच्या वेळेपासून १० मिनिटे मागे जाऊन वाचावे आणि कमेंटच्या आयडीवरून दुबार नोंदी गाळाव्यात, असा माझा विचार आहे. संपादित कमेंटचा आयडी तोच राहत असल्याने तिथे `updated_at` सुद्धा तपासावे लागेल.

पण ही १० मिनिटे निव्वळ अंदाजाची आहेत. वेबहुकने कळलेली कमेंट यादीत किती उशिरा दिसते, हे काही दिवस मोजून हा अवधी ठरवणे योग्य होईल का? ज्यांनी अशी जोडव्यवस्था चालवली आहे, त्यांनी आपली पद्धत कृपया सविस्तर सांगावी.