'उभारलेली शेड केव्हा काढणार?' अशा प्रश्नाला मराठीत काय म्हणायचं?

मुठाकाठ
एक शब्द हवा आहे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीकडून आईला पत्र आलंय, त्यातलं वाक्य जसंच्या तसं देते: "आपण सामाईक गच्चीवर परवानगीविना उभारलेली शेड केव्हा काढणार, हे सात दिवसांत लेखी कळवावे." शेड आम्ही उभारलेली नाही. फ्लॅट घेतला तेव्हा ती तिथे होतीच. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो आणि गच्चीची एक किल्ली आमच्याकडे असते, म्हणून पत्र आमच्या नावाने.

आईने उत्तर लिहून ठेवलंय: "आम्ही परवानगीविना शेड उभारलेली नाही." मला ते खटकतंय, पण का ते तिला पटवता येईना. मी म्हटलं, अगं हा लोडेड प्रश्न आहे. ती म्हणाली, मराठीत सांग. 'सूचक प्रश्न' म्हणून पाहिलं, तर मामाने तो शब्द चूक ठरवला. मग बरोबर शब्द कोणता?

शब्दवेल्हाळ
'गृहीतगर्भ प्रश्न'. घडणीला शुद्ध आणि अर्थाला चोख. प्रश्नाच्या पोटात गृहीतक दडलेलं असतं, ते या शब्दात दिसतं. 'लोडेड' लिहायची मुळीच गरज नाही.

कसबा_पेठ
'गृहीतगर्भ' कोण बोलतं? आमच्याकडे म्हणायचे 'अडकवणारा प्रश्न', आणि तो कळायला कोश लागत नाही.

जुना लिपिक
मामांचं बरोबर आहे. शिवाजीनगर कोर्टात साक्षी टाइप करण्यात माझी नोकरी गेली, म्हणून सांगतो. सूचक प्रश्न म्हणजे ज्यात हवं ते उत्तर सुचवलेलं असतं. "तुम्ही त्या रात्री निळी गाडी पाहिली ना?" हा सूचक. 1872 च्या पुरावा कायद्यात त्याची व्याख्या कलम 141 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष अधिनियम आला, तरी कल्पना तीच आहे. सरतपासात, म्हणजे वकील आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारतो तेव्हा, समोरच्याने हरकत घेतली तर तो विचारता येत नाही, उलटतपासात चालतो. पण त्याला नुसतं "नाही" म्हटलं की साक्षीदार मोकळा होतो, मागे काही उरत नाही.

तुमच्या पत्रातला प्रश्न वेगळा आहे. त्याला "आत्ता काढणार नाही" म्हणा किंवा "पुढच्या महिन्यात काढू" म्हणा, शेड तुम्ही उभारलीत हे दोन्हीकडून कबूल होतं. ओळखायची खूण हीच. होकार देऊन बघा, नकार देऊन बघा, आणि दोन्हीत जे तसंच टिकून राहतं ते प्रश्नकर्त्याने आधीच घेऊन ठेवलेलं आहे असं समजा.

रानजाई
हे माझ्या फार जवळचं आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, प्रत्येक हळदीकुंकवाला "अजून का विचार नाही?" असं विचारतात. मी हसून "बघू" म्हणते. घरी आल्यावर त्या "बघू"चाच राग येतो, कारण आमचा विचार आहे. नसतं ते फक्त यश.

कसबा_पेठ
ताई, याला खोचक प्रश्न म्हणतात. तो धागा वेगळा काढायला हवा.

जुना लिपिक
नाही हो, तो इथलाच आहे. "अजून" आणि "का" हे दोन शब्द काम करतायत. 'का' विचारला की विचार नाही हे ठरूनच गेलं, आता फक्त कारण द्यायचं राहिलं. रानजाई, "बघू" म्हटल्यावर तुम्ही ते ठरलेलं मान्य करता, राग त्याचाच येत असणार. "विचार नाही असं कुणी सांगितलं?" एवढं विचारलंत तरी प्रश्न पुन्हा त्यांच्या पदरात पडेल. पुढचं काही सांगायची सक्ती तुमच्यावर नाही.

रानजाई
हे म्हणून बघेन. धन्यवाद काका.

तर्कशुद्ध
आपल्याकडे प्राचीन न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या शास्त्रात, याला सरळ 'छल' म्हणतात. नवा शब्द घडवायची गरजच नाही, दोन हजार वर्षं तयार आहे.

शाईपेन
छल म्हणजे हे नव्हे. वाक्छलाचं नेहमीचं उदाहरण 'नवकंबल'. मुलाकडे नवं कांबळं आहे असं एक जण म्हणतो, आणि दुसरा 'नव'चा अर्थ नऊ घेऊन म्हणतो, याच्याकडे नऊ कुठे आहेत, एकच तर आहे. तिथे बोलणाऱ्याचा अर्थ फिरवला जातो. इथे कुठलाही अर्थ फिरवलेला नाही, 'उभारलेली' या शब्दात आरोप गुपचूप भरलेला आहे.

जवळचं उदाहरण पाली वाङ्मयात सापडतं. वच्छगोत्त नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, मुक्त झालेला कुठे जन्म घेतो? जन्मतो, जन्मत नाही, दोन्ही, दोन्ही नाही, असे चारही पर्याय बुद्ध नाकारतो. वच्छ गोंधळतो. तेव्हा बुद्ध विचारतो, समोर जळणारा अग्नी विझला, तर तो पूर्वेला गेला की पश्चिमेला? वच्छ म्हणतो, हे लागूच होत नाही, तो गवतकाटक्यांवर जळत होता, त्या संपल्या म्हणून विझला. प्रश्नात "गेला" हे आधीच धरलेलं होतं, त्यामुळे कुठलीही दिशा सांगितली तरी ती चूकच. बुद्ध प्रश्न नुसता झटकून टाकत नाही. धरलेलं कुठे चुकतं ते तो वच्छाकडूनच वदवून घेतो. मुठाकाठ यांच्या आईला तेवढंच करायचंय.

तर्कशुद्ध
वाक्छलाबद्दल मान्य. पण सामान्यछलात हे बसेल असं मला अजूनही वाटतं. सवडीने लिहितो.

शिवणयंत्र
इतकं कशाला? "शेड काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही" असं एका ओळीत लिहा. मुद्दा संपला.

जुना लिपिक
ही ओळ लिहू नका. आपल्या बोलण्यात "प्रश्नच उद्भवत नाही" म्हणजे "मुळीच काढणार नाही, काय करायचं ते करा". शेड आपलीच आहे आणि वर आपण अडून बसलोय, असं वाचलं जाईल. तेच शब्द कारणाच्या नंतर आले तर चालतात: "शेड आम्ही उभारलेली नाही, त्यामुळे आम्ही ती काढण्याचा प्रश्न येत नाही."

आता आईंच्या वाक्याबद्दल. "आम्ही परवानगीविना शेड उभारलेली नाही" यात नकाराचा सगळा भार "परवानगीविना"वर पडतो. वाचणारा म्हणेल, म्हणजे परवानगी घेऊन उभारलीत, मग ती दाखवा. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 8, नियम 4 नेमका यावर आहे. अमुक रक्कम घेतली असा आरोप असेल, तर "ती रक्कम घेतली नाही" एवढं पुरत नाही. ती किंवा तिचा कुठलाही भाग घेतला नाही असं म्हणायचं, नाहीतर किती घेतली ते सांगायचं. आणि आरोपाला परिस्थिती जोडलेली असेल, तर त्या परिस्थितीसकट एकगठ्ठा नकार चालत नाही. नियम 5 सांगतो की जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. हे नियम दाव्यातल्या कैफियतीला लागू आहेत, सोसायटीच्या पत्राला नाहीत. पण उद्या दावा झालाच तर हेच पत्र पुढे येईल.

साक्षीत हे कसं घडतं ते रोज पाहिलंय. वकील विचारतो, "वादीकडून घेतलेले दोन लाख तुम्ही परत दिले नाहीत, बरोबर?" साक्षीदार तावातावाने म्हणतो, "खोटं आहे!" साक्ष बहुधा निवेदनाच्या रूपात उतरवतात, प्रश्न वेगळा लिहीत नाहीत. कागदावर येतं: "हे म्हणणे खरे नाही की, मी वादीकडून घेतलेले दोन लाख रुपये परत दिले नाहीत." म्हणजे घेतले आणि परतही दिले! माणूस सांगत असतो की पैसे घेतलेच नाहीत. आपल्या वाक्यात "नाही" शेवटी येतं आणि शेवटच्या क्रियापदाला धरतं. "घेतलेले", "उभारलेली", "तोडलेली" ही विशेषणं त्याच्या तावडीतून सुटतात. म्हणून ते विशेषण उपटून काढायचं, त्याचं स्वतंत्र वाक्य करायचं आणि ते आधी नाकारायचं: "मी पैसे घेतलेले नाहीत." एवढ्यावर थांबायचं. परत दिल्या-न दिल्याचं बोलायचंच नाही.

मुठाकाठ
आता कळलं काय खटकत होतं. आईला वाचून दाखवलं, तिने पुन्हा लिहिलंय:

"आपल्या पत्रातील शेड आम्ही उभारलेली नाही. आम्ही सदनिका घेतली तेव्हा ती अस्तित्वात होती. ती आमची नसल्याने काढण्याची मुदत कळवणे आम्हास शक्य नाही. ती सोसायटीने तिच्या खर्चाने उभारलेली आहे."

जुना लिपिक
पहिली तीन वाक्यं चांगली आहेत. चौथं तुम्हाला नक्की माहीत आहे का? कागद असेल तर ठेवा. नसेल तर वगळा, नाहीतर ते सिद्ध करायचं ओझं विनाकारण अंगावर घ्याल. आरोप नाकारायला खरा कर्ता शोधून द्यावा लागत नाही. आणि एक सांगा, त्या शेडखाली तुमचं काही सामान आहे का?

मुठाकाठ
आईच्या कुंड्या आहेत. वीसेक.

जुना लिपिक
मग तेही लिहा: "शेडखाली आमच्या काही कुंड्या आहेत, सोसायटीने कळवल्यास हलवू." उभारणं वेगळं, वापरणं वेगळं. कुंड्यांबद्दल गप्प राहिलात, तर त्यांचा फोटो दाखवून सगळंच उत्तर खोटं पाडतील.

शिवणयंत्र
जे विचारलंच नाही ते कशाला सांगायचं? उद्या कुंड्यांवरून वेगळं पत्र येईल. आमच्या सोसायटीत एकाने असंच जास्तीचं लिहिलं आणि दोन वर्षं त्याचेच अर्ज-विनंत्या चालू होत्या.

शाईपेन
मला लिपिककाकांचं पटतं. ज्याला खोटं गृहीतक नाकारायचंय, त्याने खरं तेवढं स्वतःहून मांडावं, तरच त्याच्या नकाराला वजन येतं.

शब्दवेल्हाळ
धागा शब्दासाठी होता. 'गृहीतगर्भ' कुणाला मान्य आहे की नाही?

कसबा_पेठ
नाही. आणि या "नाही"मध्ये काही शिल्लक राहत नाही.

रानजाई
मला एक विचारायचंय. शेडचं उत्तर लेखी आहे, विचार करायला सात दिवस आहेत. समोर सासूबाईंच्या मैत्रिणी बसलेल्या असतात तेव्हा विशेषण उपटायला वेळ कुठून आणायचा?

जुना लिपिक
साक्षीदारांनाही तो मिळत नाही. जुने वकील त्यांना सांगायचे, प्रश्न संपला की मनात तो उलटा करून म्हण, मग तोंड उघड. काहींना जमायचं. पण घरच्या माणसांपुढे ते कितपत जमतं, हे मी सांगू शकत नाही.

मुठाकाठ
आई कुंड्यांचं वाक्य घालायला तयार नाही. म्हणते, कुंड्या त्या शेडच्याही आधीच्या आहेत. आता म्हणतेय, आधीच्या मालकांच्या. म्हणजे त्याही आमच्या नाहीत?

जुना लिपिक
तसं असेल तर "आमच्या कुंड्या" लिहू नका. आधी त्या कुणाच्या ते विचारा.