शब्दचर्चा: ‘पिव्हट’ आणि ‘ओरिजिन’, दोन्हींना ‘आरंभबिंदू’ चालेल का?

पाणकावळा
गेम बनवायला शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. उदाहरण तलवारीच्या स्प्राइटचं आहे. चित्र ६४ पिक्सेल रुंद, १६ उंच. मूठ डाव्या बाजूला, कडेपासून ८ पिक्सेल आत. तलवार फिरवली की ती मुठीपाशी न वळता स्वतःच्या पोटाभोवती गरगरते आणि मूठ हात सोडून जाते. मी लिहिलं, ‘आरंभबिंदू चुकलाय’. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीनं ते खोडून ‘पिव्हट चुकलाय’ केलं. हे दोन्ही एकच ना? आणि पिव्हटला बरा मराठी शब्द आहे का?

दुपारचा_चहा
एकच. गणिताच्या पुस्तकात ओरिजिनला आरंभबिंदू म्हणतात आणि वस्तू त्याच्याभोवतीच फिरते. पिव्हट हे फक्त दुसरं नाव. त्यापेक्षा फिरण्याचा शब्द नेमका वापरा. शाळेच्या भूगोलात ‘परिवलन’ म्हणजे स्वतःभोवती फिरणं आणि ‘परिभ्रमण’ म्हणजे दुसऱ्याभोवती. तुमची तलवार परिवलन करतेय, तुम्हाला परिभ्रमण हवंय. संपलं.

खटपट्या
संपलं नाही. परिवलन-परिभ्रमण ही जोडी छान आहे, पण इथं फसवते. ऐकणाऱ्याला वाटतं की या दोन वेगळ्या गती आहेत आणि त्या वेगळ्या कोडनं करायच्या. तसं नाही. कोणत्याही बिंदूभोवती ९० अंश फिरवा, तलवारीचा कल तोच येतो. बदलते ती फक्त जागा. दोष ओळखायची खूणही हीच: कल बरोबर आणि जागा चुकली तर पिव्हट तपासा, कलच चुकला तर कोन तपासा.

पाणकावळ्याचं उदाहरण मोजून बघू. चित्राचा मध्य डावीकडून ३२ वर, मूठ ८ वर, म्हणजे अंतर २४. मध्याभोवती घड्याळाच्या दिशेनं ९० अंश फिरवलं की मूठ मध्याच्या बरोबर वर जाते. म्हणजे हातापासून २४ पिक्सेल उजवीकडे आणि २४ वर. सरळ रेषेत मोजलं तर सुमारे ३४.

आता पुष्कळजण काय करतात? पिव्हटला हात न लावता अ‍ॅनिमेशनमध्ये `position` च्याही की टाकतात. शून्य अंशाला एक जागा, ९० अंशाला सरकवलेली दुसरी. दोन्ही टोकांना मूठ हातात दिसते, म्हणून काम झालं असं वाटतं. पण मूठ स्थिर राहायची तर चित्राच्या मध्यानं तिच्याभोवती २४ पिक्सेल त्रिज्येच्या कमानीवरून जायला हवं. दोन कींमधली वाट सॉफ्टवेअर सरळ रेषेत कापतं. ४५ अंशावर मध्य हातापासून २४ ऐवजी जेमतेम १७ पिक्सेलवर असतो, म्हणून मूठ ७ पिक्सेल मागे ढकलली जाते. वार चालू असताना मधेच मूठ हातातून सटकून परत येते ती यामुळे. आणखी की टाकून हे कमी होतं, जात नाही.

पाणकावळा
अगदी हेच दिसतं! मी ते फ्रेम रेटवर ढकललं होतं. मग गोडोमध्ये सरळ उपाय कोणता?

खटपट्या
`Sprite2D` स्वतःच्या `position` भोवतीच फिरतो, आणि चित्राचा मध्य त्या जागी बसवणं हे मूळ सेटिंग आहे. म्हणून चित्रच २४ पिक्सेल उजवीकडे सरकवायचं, म्हणजे मूठ त्या बिंदूवर येते:

```
sprite.centered = true
sprite.offset = Vector2(24, 0)
```

हे करताच तलवार पडद्यावर उजवीकडे उडी मारेल. घाबरून `offset` मागे घेऊ नका. `position` आता मुठीची जागा सांगतो, तो हाताच्या जागी आणा.

दुसरा खड्डा: पात्र डावीकडे वळलं म्हणून `flip_h` लावलं तर चित्र आपल्या चौकटीतच उलटतं, `offset` आहे तसाच राहतो. मग हातात मूठ नाही, पातं येतं. एकतर `offset.x` उणे २४ करा, नाहीतर `flip_h` सोडून वरच्या नोडचा `scale.x` उणे करा, मग सगळं त्या नोडच्या बिंदूभोवती उलटतं.

दुपारचा_चहा
म्हणजे जिथं ठेवलंय तिथंच फिरतंय. मी हेच तर म्हणालो!

खटपट्या
`Sprite2D` पुरतं तुमचं खरं आहे. पण त्याच गोडोमधलं बटण घ्या. `Control` ची `position` म्हणजे वरचा डावा कोपरा, आणि फिरण्याचा बिंदू वेगळा, `pivot_offset`. तो बदलला तरी न फिरवलेलं, मूळ आकाराचं बटण जागचं हलत नाही. काही सांगितलं नाही तर तोही वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, म्हणून माउस नेल्यावर फुगणारं बटण चहूकडे न वाढता उजवीकडे आणि खाली वाढतं. त्यामुळे मी ‘ठेवण्याचा बिंदू’ आणि ‘फिरण्याचा बिंदू’ यांना वेगळी नावं ठेवीन. एकच शब्द दिलात तर बटणाच्या प्रकरणात वाचक अडकेल.

रेघोट्या
मला गेममधलं काही कळत नाही, पण माझं पण फिरवण्याचंच दुखणं आहे. वेबपानावर एसव्हीजीमध्ये दातेरी चाक काढलंय. सीएसएसनं फिरवलं की चाक पानाच्या कोपऱ्याभोवती भला मोठा फेरा मारून गायब होतं. साध्या `div` ला तीच ओळ लावली तर नीट फिरतं. यात ऑफसेट कुठं टाकू?

निळी_शाई
ऑफसेट नको. साध्या `div` चा `transform-origin` मुळातच मध्यात असतो, एसव्हीजीच्या आतल्या आकारांचा मात्र सगळ्या चित्राच्या ० ० वर. हे लिहा:

```css
.chak {
  transform-box: fill-box;
  transform-origin: center;
}
```

आणि शब्दाबद्दल: इथं फिरण्याच्या बिंदूलाच ‘ओरिजिन’ म्हटलंय, बघा. म्हणून ओरिजिन म्हणजे आरंभबिंदू अशी सरसकट जोडी लावू नका. पिव्हटला मी ‘आसबिंदू’ सुचवीन. आस शब्द चाकामुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

रेघोट्या
झालं! जागच्या जागी फिरतंय. दाते जरासे डुगडुगतात मात्र.

निळी_शाई
`fill-box` आकाराच्या चौकटीचा मध्य धरतो. दात्यांची संख्या विषम असेल तर चौकटीचा मध्य आणि चाकाचा मध्य जुळत नाहीत. मग मध्याचे आकडे हातानं द्या.

खटपट्या
‘आसबिंदू’ वाईट नाही. पण आस म्हटलं की मला रेघ दिसते, टिंब नाही. शिवाय पिव्हटभोवती फक्त फिरणं होत नाही, लहान-मोठं करणं आणि उलटवणंही त्याच्याच आधारानं होतं. ‘खिळबिंदू’ कसा वाटतो? काहीही केलं तरी जो जागचा हलत नाही तो.

निळी_शाई
ऐकायला बोजड. आणि शिकणाऱ्याला पडद्यावर `pivot` हाच शब्द शोधायचाय.

पाणकावळा
टिपणात सध्या तलवारीसाठी ‘पिव्हट’ आणि जागेसाठी ‘ठेवण्याचा बिंदू’ लिहितो. आरंभबिंदू फक्त पडद्याच्या ० ० साठी. आसबिंदू की खिळबिंदू, यावर अजून कोणी बोलणार असेल तर बोला, शनिवारपर्यंत मसुदा उघडा आहे.

दुपारचा_चहा
माझं मत आरंभबिंदूलाच. बटणं फिरवतं कोण?