ॲप म्हणतं हवा ३३, टायर मात्र जमिनीला

बेसमेंटवाला: नव्या गाडीत डॅशबोर्डचे दिवे बघायची गरजच उरली नाही. मी चौथ्या मजल्यावरून चहा पितापिता ॲपवर गाडी तपासतो आणि मगच खाली उतरतो. दिव्यांकडे डोळे लावून बसणं ही जुन्या लोकांची खोड.

पाना नंबर १३: जुना माणूस बोलतोय, जरा ऐका. गेल्या सोमवारी गॅरेजला एक गिऱ्हाईक आलं, तेही तुमच्यासारखंच चहावालं. सकाळी ७ ला ॲपवर चारही चाकांत ३३. उतरले, बसले, निघाले. बेसमेंटचा चढ चढून रस्त्यावर आले आणि दिवा लागला. तोवर मागचं डावं चाक रिमवर चालून टायरची बाजू कापली गेली होती. रविवारी घुसलेला स्क्रू रात्रभर हवा सोडत होता. साधा पंक्चर निघाला असता, नवा टायर घ्यावा लागला.

ॲप खोटं बोललं का? नाही. आकड्याखाली बारीक अक्षरांत 'रात्री ९.१०' लिहिलं होतं. चाकातल्या सेन्सरला स्वतःची छोटी बॅटरी असते, ती ७ ते १० वर्षं पुरवायची म्हणून चाक थांबलं की तो बहुतेक वेळ झोपतो. एखादा सेन्सर मधूनच जागा होऊन बोलला तरी ऐकणारी गाडीही झोपलेली. म्हणजे तुम्ही चहासोबत बघता ती कालची हवा.

सिग्नल_फुल: काका, रिफ्रेश नावाचं बटण असतं. दाबलं की गाडी जागी होते आणि ताजा आकडा येतो. गिऱ्हाइकाला ॲप वापरता येत नाही, त्यात ॲपचा काय दोष?

पाना नंबर १३: अर्धं बरोबर. रिफ्रेशने गाडी जागी होते, दारं, काचा, बॅटरीचा व्होल्टेज ताजा मिळतो. चाक कुठे फिरलं? वेळ नवी दिसते, हवा बऱ्याचदा जुनीच. ज्या गाड्या चाकाच्या फिरण्याच्या वेगावरून हवा ओळखतात, त्यांना तर उभ्या गाडीतलं काहीच कळत नाही. आणि तळघरात रेंज नसली तर रिफ्रेश नुसतं गोल गोल फिरतं.

नागपुरी_ऊन: रिफ्रेशचं नाव काढू नका! दोन महिने मुलीकडे गेलो होतो. तिथून रोज चार-पाच वेळा गाडी 'बघायचो', बाकी काम काय. परत आलो तर बॅटरी आडवी. शेजाऱ्याची केबल लावून गाडी सुरू केली. वर ॲपचं फुकटातलं वर्ष संपलं, आता पैसे भरा म्हणे. गाडी माझी, तिची खबर विकत घ्यायची?

सिग्नल_फुल: चार रिफ्रेशने बॅटरी मरत नाही. जुनीच असेल.

नागपुरी_ऊन: तीन वर्षांची होती. तुम्ही येऊन बघितली होती का?

पाना नंबर १३: दोघंही थोडे बरोबर. प्रत्येक रिफ्रेशला गाडीतले संगणक काही मिनिटं जागे राहतात. रोज चालणारी गाडी ते भरून काढते, दोन महिने उभी असलेली नाही. म्हणूनच काही दिवसांनी गाडी स्वतःहून गाढ झोपते आणि ॲप गप्प बसतं. त्या गप्प बसण्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा लोक लावतात.

मालतीताई, भोर: बॅटरी राहू द्या. वरंधा घाटात दगड लागून आमचा ऑइलचा चेंबर फुटला. डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला तशी मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. यजमान म्हणाले, "ॲपवर काही नाही गं, चल पुढे." घाटात रेंज कुठली! ॲपचा निरोप महाडला पोचलो तेव्हा आला, आणि आम्ही पोचलो ते टोइंगच्या ट्रकमधून. तो दिवा तेलाच्या दाबाचा. त्यानंतर मिनिटभर गाडी रेटली असती तर इंजिन खोलावं लागलं असतं, असं मिस्त्री म्हणाला.

बेसमेंटवाला: बरं बाबा, घाटात दिवा श्रेष्ठ. पण परवा काच उघडी राहिली आणि पाऊस आला, तेव्हा तुमचा दिवा चौथ्या मजल्यावर सांगायला आला असता का?

पाना नंबर १३: नसता आला. काच, दार, कोणी गाडी हलवली तर, हे ॲपचंच काम. एवढं मान्य, अजून काही मागू नका.

सिग्नल_फुल: मग हे सांगा. आठवडाभर ॲपवर 'इंजिन तपासा' दिसतंय, डॅशबोर्ड स्वच्छ. आता खरं कोण?

पाना नंबर १३: दोष येऊन गेला असेल, दिवा विझला असेल आणि ॲपवरचा जुना निरोप पुसला गेला नसेल. किंवा दिव्याचाच बल्ब गेला असेल. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी तो दिवा लागतो का?

सिग्नल_फुल: कधी बघितलंच नाही.

मालतीताई, भोर: बघा आधी.