मदत हवी आहे: खताच्या गोदामाचा कोबा, सांधे आणि घोटाई

बार्शीकर: दुकानामागे ३० बाय ४० फुटांचं गोदाम बांधलंय. खाली मुरूम भरून रोलर फिरवलाय, त्यावर पाच इंच काँक्रीट टाकायचंय. ठेकेदार म्हणतो, एका दिवसात सगळं ओततो, वर कोरडं सिमेंट भुरभुरून आरशासारखं घोटून देतो. सांधे नकोच, धूळ अडकते म्हणे. ऐकावं का? हातगाडीवर खताची पोती फिरणार आहेत.

पक्या: जाळी टाक की! तडे जाणारच नाहीत.

जुना सुपरवायझर: जाळीने तडा थांबत नाही, फाकायचा थांबतो. तीही जाडीच्या वरच्या भागात हवी. गड्यांच्या पायाखाली जाऊन तळाशी बसली तर पैसे पाण्यात.

काँक्रीट वाळताना आकसतंच. तुम्ही रेघ आखून दिली नाही तर ते स्वतः आखतं, आणि वाकडी आखतं. पाच इंचाला १२ ते १५ फुटांवर सांधा ठेवा. तुमच्याकडे ४० फुटांचे तीन आणि ३० चे दोन भाग केले की सहा जवळजवळ चौकोनी पॅनेल होतात. काप सव्वा इंच खोल हवा. नुसती वरवर रेघ ओढली तर तडा तिला जुमानत नाही. खांब आणि भिंतीशी थर्माकोलची पट्टी लावून फरशी सुटी ठेवा.

कोरडं सिमेंट मात्र नको. वर आलेलं पाणी शोषायला ते टाकतात, त्याचा पातळ पापुद्रा बनतो आणि वर्षभरात गाडीच्या चाकाखाली पिठासारखा उडतो. पाणी आपोआप जाऊ द्या. उभं राहिल्यावर बूट पाव इंचापेक्षा जास्त रुतेनासा झाला की रंधा, त्यानंतर पोलादी थापी.

मीनाताई: आमच्या गच्चीवर असेच तडे आहेत, पाणी गळतं. काय भरू?

जुना सुपरवायझर: ताई, गच्चीचा स्लॅब वेगळा, तो जमिनीवर टेकलेला नसतो. वेगळा धागा काढा.

बार्शीकर: कटरवाला दुसऱ्या दिवशी दुपारी येतो म्हणाला. चालेल?

जुना सुपरवायझर: या उन्हात उशीर होईल. कडा न तुटता कापता आलं की लगेच कापायचं, म्हणजे बहुधा त्याच रात्री. तो येत नसेल तर कटर सोडा. फळ्या लावून एकाआड एक पॅनेल ओता, मधले नंतर भरा. सांधा आपोआप मिळतो. माल तसाही पाच ब्रासच आहे. फळीची वरची कड पाण्याच्या नळीने लेव्हलला आणा आणि त्यावरूनच पट्टी ओढा. ढाळ फक्त दाराकडे. आणि निदान दहा दिवस ओली पोती.

पक्या: खाली प्लॅस्टिक घाला, खत ओलं होतं.

जुना सुपरवायझर: हे बरोबर. पण मग खालून पाणी मुरत नाही, घोटाईला जास्त थांबावं लागतं.

बार्शीकर: मुरमाखाली काळी माती आहे, दोन फूट काढली होती. पुरेल ना?

जुना सुपरवायझर: खाली अजून किती आहे? एका कोपऱ्यात खड्डा घेऊन बघा, मग बोलू.