मदत हवी आहे: मांजरीच्या डोळ्याला चिपडं, फोटो बघून सांगा

आमची मनी साडेतीन महिन्यांची आहे, परवापासून तिचा डावा डोळा सारखा पाणावतोय. आधी पाणी स्वच्छ होतं म्हणून वाटलं धूळ गेली असेल, पण आज सकाळी पिवळट चिपडाने पापण्या चिकटल्याच होत्या. पाणी उकळून कोमट केलं, कापूस भिजवून मिनिटभर नुसता डोळ्यावर ठेवला, मग आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसलं तेव्हा उघडला. पहिला फोटो पुसायच्या आधीचा, दुसरा नंतरचा.

दुसऱ्या फोटोत कोपऱ्यातून पांढरट पडदा थोडा वर आलेला दिसतोय, आणि उजेडात ती तो डोळा अर्धा मिटूनच ठेवते. बुबुळावर धुरकट डाग मला तरी दिसत नाहीये, पण फोटोत कळेल का? कालपासून शिंकतेय पण, खाणंपिणं मात्र नीट आहे.

घरात माणसांचे ड्रॉप्स आहेत, त्यात स्टिरॉइड आहे म्हणून घातले नाहीत, बुबुळाला ओरखडा असला तर त्याने जखम चिघळते. आज शनिवार, आमचे डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर थांबू की आजच लांबच्या दवाखान्यात नेऊ? डोळा मिटून ठेवतेय याचीच जास्त भीती वाटतेय, कोणाच्या मांजरीला असं झालं होतं का?