मदत हवी आहे: पोस्टमध्ये क्लायंटचं उदाहरण किती बदलावं?

मी छोट्या कारखान्यांना स्टॉक आणि खरेदीच्या नियोजनाबद्दल सल्ला देते. चार महिने लिंक्डइनवर दर आठवड्याला एक पोस्ट टाकतेय. आधी ‘स्टॉक कमी करण्याचे पाच उपाय’ अशा पोस्ट लिहिल्या. प्रतिसाद आला, पण सगळा इतर सल्लागारांचा. शेवटची ‘संपर्क साधा’ ही ओळ काढली, तरी फरक नाही.

मग एकच प्रसंग लिहिला. एका कारखान्यात सुटा भाग वर्षाला दोनशे लागायचा, पण पुरवठादार हजाराच्या खाली देत नव्हता, म्हणून पाच वर्षांचा माल पडून होता. उपाय म्हणून दर थोडा जास्त देऊन छोट्या खेपा ठरवल्या. त्यावर दोन कारखानदारांनी स्वतःहून मेसेज केला. मला हवे ते वाचक हेच.

अडचण गोपनीयतेची आहे. करारानुसार क्लायंट ओळखू येता कामा नये, आणि आमचं क्षेत्र लहान आहे. प्रत्येक वेळी परवानगी मागणं जमणार नाही. उद्योग आणि आकडे बदलले तर प्रसंग खोटा वाटतो. दोन क्लायंट एकत्र केले तर ते प्रामाणिक राहतं का, हीही शंका आहे.

असे प्रसंग नियमित लिहिणाऱ्यांनी सांगावं: तुम्ही नेमकं काय बदलता, काय तसंच ठेवता आणि बदल केल्याचं वाचकांना सांगता का?